मुक्तछंदात ओळ कुठे तोडावी : नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

वृत्तात लिहिणाऱ्या कवीला ओळ कुठे संपवावी याचा फारसा विचार करावा लागत नाही, कारण ते काम वृत्तानेच केलेले असते. शार्दूलविक्रीडितात एकोणिसाव्या अक्षरावर चरण संपतो, बाराव्यावर यती म्हणजे ठरलेला विराम येतो आणि तो शब्दाच्या मधोमध पडला तर यतिभंगाचा दोष लागतो. अभंगातही अक्षरांची गणना ठरलेली असते. कवी अनिल यांच्या ‘फुलवात’ (1932) आणि ‘भग्नमूर्ती’ (1940) यांच्या काळापासून मुक्तछंद मराठीत स्थिरावत गेला, तेव्हा ही ठरलेली जागा गेली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी निर्णय घेण्याची जबाबदारी कवीवर आली. नवखा लेखक बहुधा हा निर्णय घेतच नाही. वाक्य कागदाच्या मध्यावर आले की तो एंटर दाबतो, किंवा जिथे स्वल्पविराम आला असता तिथे ओळ मोडतो.

ओळीच्या शेवटी वाचक क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्या हातात अर्धे वाक्य असते आणि त्या अर्ध्या वाक्याचा काहीतरी अर्थ त्याच्या मनात तयार झालेला असतो. पुढची ओळ तो अर्थ पुरा करते, बदलते किंवा खोटा पाडते. ओळ तोडण्याचे कसब म्हणजे हा अर्धा अर्थ आधी ओळखणे आणि तो कवितेला हवा आहे की नको हे ठरवणे. हे मराठीत कसे करायचे ते येथे क्रमाने सांगितले आहे. मराठीत असे मुद्दाम म्हटले, कारण आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर येतो, त्यामुळे इतर भाषांतल्या कवितांवर बेतलेले नियम येथे बऱ्याचदा लागू पडत नाहीत.

काय लागेल

- तुमचा स्वतःचा चार-सहा वाक्यांचा गद्य मजकूर
- पेन्सिल आणि खोडरबर (पेनने केलेल्या खुणा पुसण्याचा कंटाळा येतो आणि पहिलाच निर्णय कायम होतो)
- एक पोस्टकार्ड किंवा जाड कागदाचा तुकडा, ओळी झाकण्यासाठी
- फोनमधील ध्वनिमुद्रणाची सोय
- कविता मोठ्याने वाचून दाखवील अशी, ती आधी न पाहिलेली एक व्यक्ती

1. आधी सलग गद्यात लिहा

कवितेच्या पहिल्या खर्ड्यातच ओळी तोडू नका. तोडलेली ओळ कमकुवत वाक्यालाही भारदस्तपणा देते, आणि मग वाक्य मुळातच सैल आहे हे लक्षात येत नाही. मजकूर सलग लिहा आणि त्यातील विशेषणे तपासा. वाक्यरचना नेहमीच्या बोलण्यासारखी ठेवा. ओळीच्या शेवटी हवा तो शब्द यावा म्हणून ‘आजी राहते उभी काठावर’ अशी उलटापालट करण्याचा मोह येथेच टाळावा. एकदा शब्दक्रम हवा तसा वाकवता येतो असे ठरले, की ओळ तोडण्यात कौशल्य उरत नाही. सरळ वाक्यातच अशी जागा सापडली पाहिजे की तेथे थांबल्याने काहीतरी घडेल.

पुढील सगळ्या पायऱ्यांसाठी हा मजकूर नमुना म्हणून घेऊ. उजनीसारख्या मोठ्या धरणांत गेलेल्या गावांची देवळे उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडतात. अशाच एका काठावरचा हा मजकूर आहे:

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो. आजी काठावर उभी राहते आणि आमचं घर कुठे होतं ते बोटाने दाखवते. मला पाण्याशिवाय काही दिसत नाही.

2. श्वासाच्या जागा आणि अर्थाच्या जागा वेगवेगळ्या नोंदवा

मजकूर मोठ्याने वाचा, ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना जिथे तुम्ही आपोआप थांबलात तिथे पेन्सिलने एक उभी रेघ ओढा. वरच्या मजकुरात बहुतेक जण ‘की’नंतर, ‘येतो’नंतर, ‘राहते’नंतर आणि ‘दाखवते’नंतर थांबतील. या श्वासाच्या जागा झाल्या. त्या ठिकाणी ओळी तोडल्या तर कविता अशी दिसेल:

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की
बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो.
आजी काठावर उभी राहते
आणि आमचं घर कुठे होतं ते बोटाने दाखवते.
मला पाण्याशिवाय काही दिसत नाही.

यात चूक काहीच नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. हा मजकूर पुन्हा सलग करून वाचला तर काहीही हरवत नाही. ओळींनी फक्त विरामचिन्हांचे काम दुसऱ्यांदा केले आहे. म्हणून आता दुसऱ्या प्रकारच्या जागा शोधायच्या. त्यासाठी प्रत्येक दोन शब्दांमध्ये बोट ठेवून विचारा : येथे थांबलो तर आतापर्यंतच्या शब्दांचा काही स्वतंत्र अर्थ लागतो का? लागत असेल तर तेथे दोन रेघा ओढा. एक रेघ आणि दोन रेघा एकाच जागी पडल्या तर ती जागा शांत असते. दोन रेघा एकट्याच पडल्या तर तेथे ओळ तोडून काहीतरी मिळण्याची शक्यता असते.

3. मराठी वाक्याचे सांधे ओळखा

दोन रेघांच्या जागा शोधताना अंदाजाने चाचपडण्यापेक्षा मराठी वाक्य कोणत्या सांध्यांवर वळते ते माहीत असलेले बरे. सगळ्यांत महत्त्वाचे सांधे मला चार वाटतात.

*क्रियापद आणि नकार.* मराठीत ‘नाही’ क्रियापदानंतर येतो, म्हणून त्याच्या आधी ओळ तोडली तर होकाराचा नकार होऊ शकतो. ‘मी तिला विसरलो’ येथे ओळ संपवून पुढच्या ओळीत ‘नाही’ लिहिले, तर वाचकाने एक पूर्ण वाक्य खरे मानलेले असते आणि मग ते मागे घ्यावे लागते. मात्र येथे व्याकरणाकडे बारकाईने पाहावे लागते. ‘विसरलो’ हे रूप एकटे पूर्ण आहे, ‘येणार’ हेही बोलण्यात पूर्ण मानले जाते, पण ‘विसरत’ किंवा ‘येत’ ही रूपे अपुरी आहेत. ‘तो आता येत’ असे वाचून कोणीही थांबत नाही. पुढे ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘असे’ येणार हे वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे ‘येत’नंतर ओळ तोडल्यास अर्थ उलटत नाही, फक्त ताटकळतो. ताटकळणे कधी हवेही असते, पण या दोन परिणामांत गल्लत करू नये. शिवाय नकाराची ही युक्ती एका कवितेत एकदाच चालते. दुसऱ्यांदा केली की वाचक ओळ संपण्याआधीच ‘नाही’ची वाट पाहू लागतो आणि कविता कोट्यांकडे झुकते.

*संयुक्त क्रियापद.* हा सांधा मराठीत फार समृद्ध आहे आणि नवे लेखक त्याचा सर्वांत कमी उपयोग करतात. ‘विसरून गेला’, ‘लिहून टाकलं’, ‘रडत बसला’, ‘उभी राहिली’ या रचनांत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बराचसा सोडून पहिल्याला आधार देते. त्या दोहोंमध्ये ओळ तोडली की दुसरे क्रियापद नव्या ओळीच्या सुरुवातीला एकटे उभे राहते आणि त्याचा मूळ अर्थ पुन्हा जागा होतो. हे पाहा:

तो निरोप घ्यायचं विसरून
गेला.

सलग वाक्यात हा माणूस फक्त विसरला. तोडलेल्या वाक्यात तो विसरलाही आणि निघूनही गेला. एकही शब्द न वाढवता कवितेत एक घटना वाढली. पण हे सगळीकडे साधत नाही. ‘भात शिजून / गेला’ असे तोडले तर ‘गेला’चा मूळ अर्थ भाताला लागू होत नाही आणि ओळ उगाच अडखळते. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ त्या कर्त्याच्या बाबतीत शक्य आहे का, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे.

*षष्ठी आणि नाम, विशेषण आणि नाम.* ‘त्याची’, ‘ओली’, ‘जुनं’ हे शब्द पुढे येणाऱ्या नामाचे लिंग आधीच सांगून टाकतात. त्यामुळे अशा शब्दानंतर ओळ संपली की वाचक पुढचा शब्द काय असेल याचा तर्क करू लागतो आणि लिंगामुळे तो तर्क बराच अरुंद होतो. ‘भिंतीवर अजून त्याची’ एवढ्यावर ओळ संपली, तर पुष्कळ वाचकांच्या मनात हार घातलेली तसबीर येईल. पुढच्या ओळीत ‘खुंटी आहे’ असे आले तर हुकलेली तसबीरही कवितेत राहते आणि खुंटीही राहते. येथे ‘त्याचं’ किंवा ‘त्याचा’ असते तर हा खेळ झाला नसता. म्हणून नाम निवडताना लिंगाचाही विचार करावा : वाचकाच्या मनात जो शब्द यावा असे वाटते त्याचे लिंग आणि तुम्ही देणार असलेल्या शब्दाचे लिंग एकच असले पाहिजे.

*उभयान्वयी अव्यये.* ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ हे शब्द बोलताना पुढच्या वाक्याला चिकटतात, तर ‘की’ मागच्या शब्दाला चिकटते. म्हणून ‘पाणी उतरलं की’ येथे ओळ संपवणे स्वाभाविक वाटते, पण ‘आजी उभी राहते आणि’ येथे ओळ संपवली तर काहीही न सांगणारा शब्द ओळीतील सर्वांत लक्षवेधी जागी जाऊन बसतो. ओळीच्या शेवटी ‘आणि’ ठेवण्याचे सबळ कारण क्वचितच असते. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कवितांत ते केवळ उजवी कड समान दिसावी म्हणून ठेवलेले असते.

काही जागा मात्र सांधे नाहीतच. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत नामाला जोडून लिहिली जातात. ‘घरा / समोर’ किंवा ‘पाण्या / शिवाय’ असे तोडले तर पहिल्या ओळीत नुसते सामान्यरूप लोंबकळत राहते, आणि त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. दृश्य परिणामासाठी शब्द फोडणारे कवी आहेत, पण तो प्रकार निराळा आहे आणि या लेखाच्या कक्षेत तो येत नाही.

4. पोस्टकार्डाची चाचणी

दोन रेघांच्या जागा ठरल्या की मजकूर त्या जागांवर तोडून स्वच्छ लिहून काढा. मग पहिल्या ओळीखाली पोस्टकार्ड ठेवा, जेणेकरून पुढचे काही दिसणार नाही. ती ओळ वाचून तिच्यातून जो अर्थ किंवा जी अपेक्षा तयार होते ती बाजूला दोन-तीन शब्दांत लिहा. पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवा आणि त्या अपेक्षेचे काय झाले ते लिहा : पुरी झाली, बदलली, उलटली, की काहीच झाले नाही.

शेवटचा शेरा वारंवार येत असेल तर त्या जागा पुन्हा जोडा. पण आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी, आणि ती अधिक धोक्याची आहे. ओळीच्या शेवटी अर्थ निर्माण होतो, पण तो या कवितेचा नसतो. याचे उदाहरण आपल्याच नमुन्यात पुढे येईल.

ही चाचणी स्वतः करताना पुढची ओळ तुम्हाला पाठ असते, म्हणून ती काही अंशी खोटी ठरते. शक्य असेल तर मधे थोडे दिवस जाऊ द्यावेत, किंवा पोस्टकार्ड दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याने प्रत्येक ओळीनंतर काय येईल असे वाटते ते बोलावे.

5. नमुना पूर्ण करून पाहू

आता वरील धरणाच्या मजकुराकडे परत येऊ. सगळ्या दोन रेघांवर तोडलेला पहिला प्रयत्न असा:

मे महिन्यात धरणाचं पाणी
उतरलं की बुडालेल्या
देवळाचा कळस वर येतो.
आजी काठावर उभी
राहते आणि आमचं घर
कुठे होतं ते बोटाने दाखवते. मला
पाण्याशिवाय काही दिसत
नाही.

पोस्टकार्ड सरकवत पाहू. दुसरी ओळ ‘बुडालेल्या’वर संपते. हे रूप स्त्रीलिंगी अनेकवचनही असू शकते आणि पुढे येणाऱ्या विभक्तीमुळे झालेले सामान्यरूपही असू शकते. वाचक क्षणभर बुडालेल्या बायकांचा किंवा माणसांचा विचार करतो. परिणाम जोरदार आहे, यात शंका नाही. पण या कवितेत कोणी बुडालेले नाही. गाव हलवले गेले आहे आणि आजी जिवंत उभी आहे. वाचकाला दचकवून लगेच ‘तसे काही नव्हते’ म्हटले तर पुढच्या सगळ्या ओळींवरचा त्याचा विश्वास कमी होतो. ही खोटी भीती आहे, ती काढलीच पाहिजे. ‘बुडालेल्या देवळाचा’ एकत्र ठेवू.

पहिली ओळ ‘पाणी’वर संपते, पण तेथे काही घडत नाही. तीही जोडून घेऊ. म्हणजे पहिल्या वाक्याच्या दोन लांब, शांत ओळी होतात आणि दोन्ही श्वासाच्या जागीच संपतात. याचा फायदा असा की कवितेच्या सुरुवातीला वाचकाच्या मनात एक चाल बसते : या कवितेत ओळ संपली की बोलण्याचा एक तुकडा पुरा होतो. पुढे ती चाल मोडली की मोडल्याचे जाणवते. सगळ्याच ओळी मोडलेल्या असतील तर मोडण्याला काही किंमत उरत नाही. शांत ओळींचा अर्थ त्यांच्या स्वतःच्या शेवटात नसतो, तो पुढच्या अशांत ओळींना बळ देण्यात असतो.

आता आजीची ओळ. ‘आजी काठावर उभी’ हे एक पूर्ण चित्र आहे, क्रियापदाची गरज नाही. पुढची ओळ ‘राहते’ने सुरू होते आणि संयुक्त क्रियापदाचा सांधा कामाला येतो. ‘उभी राहते’तली नुसती मुद्रा संपते आणि ‘राहते’ म्हणजे वस्ती करते हा अर्थ वर येतो. त्याच ओळीत पुढे ‘आमचं घर’ आहे, त्यामुळे हा अर्थ वाऱ्यावर सोडलेला राहत नाही. ‘राहते आणि आमचं घर’ ही ओळ एकटी वाचली तर राहण्याविषयी आणि घराविषयी बोलते, आणि नेमके तेच दोन्ही आता उरलेले नाही. येथे ‘आणि’ ओळीच्या मधोमध गेले हेही बरे झाले.

पुढची ओळ ‘कुठे होतं’ने सुरू होते. बोलण्यात ‘कुठे होतं’ हा प्रश्न पुष्कळदा नकाराच्या सुरात विचारला जातो, ‘आमच्याकडे तेव्हा फोन कुठे होता’ यासारखा. ओळीच्या सुरुवातीला आल्यामुळे तो सूर क्षणभर ऐकू येतो, घर नव्हतेच असा, आणि ‘ते’ हा शब्द येताच साधा अर्थ परत जागेवर बसतो. हा फायदा मी आधी ठरवून घेतलेला नव्हता, ‘आमचं घर’नंतर तोडल्यामुळे तो आपोआप मिळाला. असे अनेकदा होते, म्हणून एका जागेचा विचार करताना तिच्या दोन्ही बाजू वाचाव्यात.

‘बोटाने दाखवते. मला’ येथे पूर्णविराम ओळीच्या आत आला आहे आणि नव्या वाक्याचा पहिला शब्द ओळीच्या शेवटी एकटा पडला आहे. व्याकरणाने ‘मला’ पुढच्या वाक्यातला आहे, पण डोळा ओळ वाचतो तेव्हा ‘दाखवते मला’ असेही जुळते. आजी दाखवते आहे ते कोणाला, हे मूळ गद्यात सांगितलेच नव्हते. आता नातवंड दोन्ही वाक्यांत आले : एकात ज्याला दाखवले जाते ते, आणि दुसऱ्यात ज्याला दिसत नाही ते.

राहिला शेवट. ‘काही दिसत / नाही’ हा नकाराचा सांधा दिसायला आकर्षक आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे ‘दिसत’ हे अपुरे रूप आहे, आणि ‘पाण्याशिवाय काही’ येथपर्यंत आल्यावर पुढे नकार येणार हे वाचकाने बहुधा ओळखलेले असते. एकट्या ओळीत ठेवलेला ‘नाही’ त्याला माहीत असलेलेच जोराने सांगतो. शेवटचा शब्द एकटा पाडून कविता संपवण्याची सवय आपल्याकडे इतकी पसरली आहे की ती दिसली की मी आधी संशयच घेतो. त्याऐवजी एक शब्द आधी तोडून पाहू. ‘पाण्याशिवाय काही’ ही ओळ एकटी वाचली तर तेथे पाण्याखेरीज आणखी काहीतरी आहे असे म्हणते. वरच्या ओळीतील ‘दाखवते. मला’ तिच्याशी जोडले तर आजी मला पाण्याशिवाय काहीतरी दाखवते आहे, असाही अर्थ क्षणभर उभा राहतो. आणि पुढची ओळ म्हणते, ‘दिसत नाही.’ येथे नकार ‘काही’ या शब्दाचाच अर्थ बदलून टाकतो. आधीच्या ओळीत तो ‘काहीतरी’ होता, आता ‘काहीच’ झाला.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की
बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो.

आजी काठावर उभी
राहते आणि आमचं घर
कुठे होतं ते बोटाने दाखवते. मला
पाण्याशिवाय काही
दिसत नाही.

मूळ गद्यातला एकही शब्द बदललेला नाही आणि क्रमही बदललेला नाही. ही महान कविता आहे असा दावा नाही, पण आता ती सलग लिहिली तर निश्चितपणे काहीतरी हरवते.

6. विरामचिन्हे आणि मोकळी ओळ

विरामचिन्हे ठेवायची की काढायची हे सुरुवातीलाच ठरवा आणि पूर्ण कवितेत एकच धोरण पाळा. ‘दाखवते. मला’ येथील पूर्णविराम काढला तर दोन अर्थांपैकी कोणता व्याकरणाचा आणि कोणता सावलीचा हे कळत नाही, आणि वाचक गोंधळून ओळ पुन्हा वाचतो. दुहेरी अर्थ हवा असेल तर एक अर्थ पक्का असावा लागतो, तरच दुसरा त्याच्यामागे जाणवतो. विरामचिन्हे अजिबात न वापरणारे कवी वाक्याचा शेवट आणि ओळीचा शेवट बहुतेक वेळा एकाच जागी आणतात, कारण त्यांच्या कवितेत ओळीलाच पूर्णविरामाचे काम करावे लागते. नवख्याने आधी विरामचिन्हांसह लिहावे असे माझे मत आहे.

मोकळी ओळ सोडणे हा आणखी मोठा थांबा आहे. तो एका वाक्याच्या मधोमध टाकता येतो, पण त्यासाठी कारणही तितकेच मोठे हवे. नमुन्यात तो पहिल्या वाक्यानंतर आहे, कारण तेथे दृश्य पाण्यावरून माणसांकडे वळते.

7. दुसऱ्याकडून वाचून घ्या

ज्या व्यक्तीने कविता पाहिलेली नाही तिच्या हाती कागद द्या, काही न सांगता मोठ्याने वाचायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. ती जिथे अडखळेल ती जागा तपासा. अडखळणे दोन प्रकारचे असते. वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो तेव्हा सहसा रचना फसलेली असते. तो पुढे वाचत जातो पण आवाज किंचित बदलतो, तेव्हा ओळीने आपले काम केलेले असते.

स्वतः काव्यवाचन करताना ओळीच्या शेवटचा थांबा स्वल्पविरामापेक्षा लहान ठेवावा. तो जास्त लांबवला तर श्रोत्यांना वाक्यच कळत नाही, आणि अजिबात ठेवला नाही तर तुम्ही गद्य वाचत आहात असे वाटते. ‘दाखवते. मला’सारखी जागा वाचणे अवघड आहे : ‘दाखवते’वर आवाज पूर्णविरामासारखा खाली आणावा, ‘मला’ त्याच श्वासात म्हणावे आणि मग निमिषभर थांबावे. काही जागा केवळ डोळ्यांसाठीच असतात आणि व्यासपीठावरून त्या पोहोचत नाहीत. ‘त्याची / खुंटी’ ऐकून कळते, पण ‘कुठे होतं’मधला नकाराचा सूर बहुधा कागदावरच राहतो.

8. पाठवण्यापूर्वी पडद्यावर तपासा

वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये कडव्याच्या आतील ओळी Shift+Enter ने तोडा आणि दोन कडव्यांमध्ये Enter वापरा. प्रत्येक ओळीला Enter दिला तर पुष्कळ ठिकाणी परिच्छेदांमधील आपोआप पडणारे अंतर प्रत्येक ओळीखाली येते, आणि कडवी कुठे संपतात ते दिसेनासे होते.

फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते आणि तुम्ही न केलेला थांबा वाचकासमोर उभा राहतो. नमुन्यातील पहिली ओळ काही फोनवर ‘पाणी’नंतर दुमडेल आणि ‘उतरलं की’ खाली जाईल. मग शांत ओळींची जी चाल बसवायची होती ती पहिल्याच ओळीत बिघडते. म्हणून कविता आधी स्वतःच्या फोनवर पाठवून पाहा, अक्षरांचा आकार मोठा करूनही पाहा, आणि सर्वांत लांब ओळ दुमडत असेल तर तीन उपाय आहेत. मासिकाला पाठवताना मजकुरासोबत पीडीएफ जोडा, म्हणजे संपादकाला मूळ ओळी कळतील. फोनवर पाठवताना कवितेचे चित्र करून पाठवा. आणि कविता मुख्यतः फोनवरच वाचली जाणार असेल तर लांब ओळ तुम्ही स्वतःच, श्वासाच्या जागी तोडा. नमुन्यात ती जागा ‘मे महिन्यात’नंतर आहे, कारण तेथे तोडल्याने कोणतीही खोटी अपेक्षा तयार होत नाही.